सहा-चाळीसची गाडी

बालाघाटच्या बसस्टँडवर अनुसयाच्या खिडकीशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. तिचा नवरा भोजराज त्याच खिडकीत बसून बुकिंग करायचा. तो गेला तेव्हा गाडीमालकानं खिडकी तिला दिली, आणि पहिल्या महिन्यातच मालकाला कळून चुकलं की आपण साधी बाई नाही, फौजदार बसवलाय. गाडी दहा मिनिटं उशिरा लागली की ती ड्रायव्हरला चारचौघात झाडायची. 'लामत्याची गाडी कधी हाय?' असं कुणी विचारलं तर घड्याळाकडं न बघता सांगायची, आणि सांगितलेलं चुकत नसे. अकरा वर्षांत तिनं एकाही सवारीला खोटा टाइम सांगितला नव्हता. याचा तिला ताठा होता, आणि का नसावा?

पण आठ महिन्यांपासून बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिच्या पोरानं, मोहितनं, तिला फसवलं होतं. नागपूरला दोस्ताच्या लग्नाला जातो, शनिवारी येतो, असं सांगून त्यानं तिच्याच खिडकीतून तिच्याच हातचं तिकीट घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावरून फोन केला, की आई, मी इटलीला चाललो. गाईच्या गोठ्यात दूध काढायचं काम आहे, म्हणे. घरची दोन म्हशींची धार कधी काढली नाही पठ्ठ्यानं! आणि हे सगळं जमवून दिलं कुणी, तर तिच्या सख्ख्या दिरानं, तेजरामनं. अनुसयाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून तिनं मोहितचा फोन घेतला नाही. खुशी, तिची धाकटी, मधे बसून इकडचं तिकडं सांगायची. तेजरामशी ती बोलायची, पण ते बोलणं ऐकण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं तेजरामच म्हणायचा.

एकतीस डिसेंबर, बुधवार, दुपारचे साडेतीन. तेजराम खिडकीजवळच्या बाकड्यावर बसून फोनमध्ये तोंड घालून जोरजोरात बोलत होता. तो दोन वर्षं दुबईला गाडी चालवून आला होता, त्यामुळं परदेश म्हटलं की सगळा मक्ता आपलाच, असं त्याला वाटे.

"हे पाय मोहित, मी बरोबर पाह्यलं बसच्या टाइमच्या फोटोत. शुक्रवारी दोन तारखेले सकायी सहा-चाळीसची गाडी पकड. पावनेआठले पोचतं. पोलिसांच्या कचेरीतली तुही वेळ नऊ-बाराची. आरामात चहा पी अन् जाय. त्याच्यावर एस-सी-ओ लिवलं हाय ना, ते गाडीचं मॉडेल हाय. आपली सेमी डिलक्स असते का नाही, तसं. बिनधास्त बस!"

अनुसया खिडकीतून ऐकत होती. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान काय झाकून घेता येतात? सेमी डिलक्स हा शब्द आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, कायचं मॉडेल?"

"काही नाही वहिनी, तुमी तिकीट फाडा. मोहितले गाडीचा टाइम सांगून राह्यलो."

"तुमी टाइम सांगता? गोंदियाची गाडी सुटून गेली तरी दोन-दोन घंटे हॉटेलात बसणारे तुमी! इकडं द्या तो फोन."

खुशी कॉलेजातून येऊन आत टेबलाशी डबा खात होती. ती म्हणाली, "आई, मेरे पास है फोटो. परवाच भेजा था भैया ने. तूच म्हटली, तुह्या काकाले विचार."

हे खरं होतं. परवा खुशीनं सगळं सांगितलं होतं आणि अनुसयानं भांडी आपटत ऐकलं होतं. तिकडं राहायचा कागद मिळायचा तर जिल्ह्याच्या शहरात पोलिसांच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्याची तारीख मिळते, वेळ मिळते, तीही नऊ वाजून बारा मिनिटं अशी. नोव्हेंबरातली तारीख मोहितची हुकली होती. सहा-चाळीसची गाडी आली, हा हात दाखवून चढला, आणि ड्रायव्हरनं तिकीट मागितलं. आता बालाघाटचं पोरगं, त्याला वाटलं कंडक्टर येईल, फाडेल. तिथं कंडक्टरच नसतो. ड्रायव्हर तिकीट विकत नाही. त्यानं उतरवून दिलं. तिकिटाचं दुकान सातला उघडलं, पुढची गाडी आठ-पन्नासची, आणि मोहित कचेरीत पोचला तोवर त्याचा नंबर निघून गेला. हातापाया पडून दुसरी तारीख मिळाली, दोन जानेवारी. ही हुकली तर अर्ज रद्द होईल, असं तिथल्या बाईनं बजावलं होतं. अर्ज गेला की काम गेलं, आणि काम गेलं की पोरगं घरी.

"येऊ दे घरी," अनुसया परवा म्हणाली होती. "मी कायले रडू? मी पाठवलं का त्याले?"

हेही खरं होतं. तो घरी यावा, यासाठी तिचा जीव तुटत होता. रोज रात्री त्याच्या नावाची भाकर टोपल्यात जास्तीची पडायची आणि सकाळी म्हशीला जायची. तारीख हुकली तर पंधरा दिवसांत तो दारात उभा राहील, हे तिनं परवाच बोटांवर मोजलं होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि चुकीचं सांगायला तेजराम होताच.

पण फोटो डोळ्यांसमोर आला आणि बाईला राहवेना.

"मोठा कर," ती खुशीला म्हणाली.

तिथल्या बसथांब्याच्या खांबावर काचेत लावलेला कागद. डावीकडं खाली खाली गावांची नावं, आणि उभ्या रांगांमध्ये गाड्यांचे टाइम. भाषा कळत नव्हती, पण आकडे सगळीकडं सारखेच, आणि वेळापत्रक म्हणजे शेवटी वेळापत्रक. सहा-चाळीस, आठ-पन्नास, तेरा-पंचवीस, अठरा-दहा. मग एक रिकामी पट्टी, आणि पलीकडं अजून दोन गाड्या. प्रत्येक रांगेच्या डोक्यावर तीन-तीन अक्षरं. सहा-चाळीसवर एस-सी-ओ. आठ-पन्नास, तेरा-पंचवीस आणि अठरा-दहा यांच्यावर एफ-ई-आर. पलीकडच्या दोन गाड्यांवर एफ-ई-एस. अठरा-दहाच्या आकड्याला चिकटून एक बारीक तारा.

"भाऊजी, एस-सी-ओ जर मॉडेल हाय, तर बाकी दोन काय हायत? एका खांबावर तीन मॉडेल लावते का कोणी?"

"आता ते तिकडचे लोकं, वहिनी..."

"तिकडचे लोकं काय डोक्यावर पाय ठेवून चालते? गाडीच्या टाइमवर अक्षर लावलं म्हंजे दिवस असते! कोणत्या दिवशी गाडी हाय अन् कोणत्या दिवशी नाही. आपल्या लालबर्र्याले बाजाराच्या दिवशी जास्तीची गाडी सोडतो का नाही? बोर्डावर त्याच्यापुढं 'बाजार' लिवलं असते. मंग ते काय गाडीचं मॉडेल झालं का?"

"पन मोहितनं सोता पाह्यली सहा-चाळीस! नोव्हेंबरात चढलता तो."

"नोव्हेंबर वेगळा, जानेवारी वेगळा. अन् खालच्या ओळी कुठी हायत?"

तेजरामनं फोटो वर-खाली सरकवला. खालच्या ओळी नव्हत्या. फोटो शेवटच्या गावाच्या ओळीखाली कापला गेला होता. एक राखाडी कड तेवढी दिसत होती.

अनुसयानं कपाळावर हात मारला. "देवा रे! येवढा शिकलेला पोट्टा अन् वेळापत्रकाचा फोटो काढते, तर खालच्या ओळी सोडून! सगळं खालीच लिवलेलं असते. वरचे आकडे तर शेंबडं पोरगंही वाचते."

"आई, पूछ लूँ भैया को?"

खिडकीबाहेर दोन सवाऱ्या उभ्या होत्या, त्यांना अनुसयानं हातानंच थांबवलं. चार वाजत होते. तिकडं साडेअकरा. खुशीनं विचारलं तर निरोप इकडून तिकडं, तिकडून इकडं, त्यात अर्धा दिवस जाईल. कुठल्या गाडीला कोणतं अक्षर हे खुशीला काय कळणार? आणि तेजरामच्या हाती दिलं तर विचारायलाच नको.

"लाव फोन," ती म्हणाली. "मी बोलते."

खुशीनं डोळे मोठे केले आणि लगेच नंबर लावला. शहाणी पोर.

मोहितनं दुसऱ्या घंटीला फोन उचलला. "हां खुशी, बोल."

"खुशी नाही. मी हाव."

तिकडं मागं गाई हंबरत होत्या.

"आई?"

"आई-बाई नंतर. तू हाय कुठी?"

"गोठ्यावर. आई, तू..."

"तो बसचा खांब किती दूर हाय?"

"दोन किलोमीटर. सायकल हाय."

"आत्ताच्या आत्ता जाय. त्या कागदाचा खालच्या बाजूचा फोटो काढ. शेवटच्या ओळीपर्यंत. काचेवर ऊन चमकलं तर तिरपा हो, पन अक्षर साफ आलं पायजे. अन् त्या तिकिटाच्या दुकानावर कधी उघडते, कधी बंद होते लिवलं असन, त्याचाही फोटो काढ."

"पन काका म्हणत होते सहा-चाळीस..."

"काकाले मी पाहून घेते. तू निघ!"

तिनं फोन ठेवला. आठ महिन्यांनी आवाज ऐकला होता, आणि पहिलं बोलली काय, तर काच आणि ऊन. तेजराम काही बोलायला गेला तर तिनं अशी नजर टाकली की तो चहा सांगायला उठून गेला.

साडेचारला फोटो आले. तिकडं बारा. खुशीनं फोनमधल्या भाषांतरावर धरले तशी हिंदी अक्षरं उमटली. अर्धीमुर्धी, तोडलेली. ती वाचू लागली आणि अनुसया जुन्या वेबिलाच्या, म्हणजे गाडीच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर लिहून घेऊ लागली.

"एस-सी-ओ, केवल विद्यालय के दिनों में।"

"हं!" अनुसयानं पेन तेजरामच्या दिशेनं रोखलं. "सेमी डिलक्स!"

"मंग ती शाळेची गाडी झाली ना, वहिनी. पिवळी. पोट्ट्यांची. मोहितले बसूच द्याले नाही पायजे त्याच्यात."

"पिवळी कायची? सगळ्यांची हाय. नोव्हेंबरात तिकीट नव्हतं म्हून उतरवलं, पोट्टा नाही म्हून नाही. गाडी सवारीसाठी चालते भाऊजी, बाकी कशासाठी नाही. शाळा असते तवा पोट्टे भरते म्हून सकायची गाडी काढते. शाळेले सुट्टी, तर रिकाम्या शिटा घेऊन कोण जाईन? खुशी, शाळेच्या सुट्ट्या लिवल्या हायत का?"

खुशीनं बोट सरकवलं. "हौ. चौबीस दिसंबर से छह जनवरी, विद्यालय बंद।"

दोन जानेवारी त्या सुट्टीच्या बरोबर मधे बसत होती. शुक्रवार, कामाचा दिवस, सरकारी कचेरी उघडी, पण शाळा बंद. सहा-चाळीसची गाडी त्या दिवशी येणारच नव्हती. मोहित अंधारात खांबाखाली थंडीत उभा राहिला असता, हातात तिकीट घेऊन, आणि समोरचा रस्ता रिकामाच राहिला असता.

तेजरामचा चेहरा पडला. खरं तर तो वाईट माणूस नव्हता, फक्त 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्याच्या तोंडातून कधी निघाले नव्हते.

"एफ-ई-आर?" अनुसयानं विचारलं.

"कार्य दिवस, सोमवार से शनिवार। एफ-ई-एस, रविवार और त्योहार।"

"म्हंजे शुक्रवारी पयली गाडी आठ-पन्नासची. शहरात कधी जाते?"

"नौ पचपन।"

"अन् तारीख नऊ-बाराची." तिनं पेन आपटलं. "शुक्रवारी एकही गाडी कामाची नाही."

"चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी काय होते वहिनी, हातापाया पडला तर..."

"मांगच्या वेळी पडलाच व्हता ना! किती वेळा पडन? त्या बाईनं बजावलं हाय, आता हुकली तर अर्ज रद्द!" मग खुशीला, "एक तारखेची दुपारची पाय. एफ-ई-एस मंधी. आदल्या दिवशी जाऊन राह्यला तरी चालन."

खुशी वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक झाला. "आई... पच्चीस दिसंबर, एक जनवरी, एक मई, बस सेवा बंद। पूरी बंद।"

"त्योहाराच्या गाड्या हायत ना!"

"बाकी त्योहारों के लिए हैं। ये तीन दिन नहीं।"

"मंग राह्यला आजचा दिवस," अनुसया म्हणाली. वेबिलावर तिनं एकाखाली एक लिहिलं, आज, उद्या, शुक्रवार, आणि उद्या आणि शुक्रवारवर काट मारली. सवाऱ्या खिडकीवर टकटक करत होत्या. "थांबा ना! गोंदिया पाच-पन्नासले हाय, पळून नाही चालली," ती ओरडली.

फोन पुन्हा लावला. पोरगं खांबाजवळच होतं, दम लागलेला.

"मोहित, शुक्रवारी तुही सहा-चाळीस नाही. शाळेची सुट्टी हाय म्हून. उद्या तर काहीच नाही. तुले आज निघा लागते."

"आज? आई, संध्याकायची धार हाय. मालक पोरीकडं गेला सुट्टीसाठी. मी धार काढून अठरा-दहाची पकडतो."

"अठरा-दहाले तारा चिकटला हाय!"

"कायचा तारा?"

"खुशी, वाच त्याले."

"तारा, चौबीस और इकतीस दिसंबर को नहीं चलेगी," खुशीनं फोनजवळ तोंड नेऊन वाचलं.

मोहितनं विचारलं, "मंग?"

"मंग एक-पंचवीस. तिथं तेरा-पंचवीस लिवलं हाय ते. आता तुह्या घड्याळात किती झाले?"

"बारा सोळा."

"तिकीट कुठी भेटते?"

"तंबाखूच्या दुकानात, नाही तर पेपरवाल्याकडं. पेपरवाला आज उघडलाच नाही, मी आत्ता पाह्यलं."

"पानठेल्यावर?" तेजराम मधेच बोलला. "बसचं तिकीट पानठेल्यावर भेटते?"

"लामत्याचं बुकिंग कुठी होते भाऊजी? चहाच्या टपरीत! चूप बसा." ती पुन्हा फोनकडं वळली. "दुकानाच्या कागदावर साडेबाराले बंद लिवलं हाय. दुपारी उघडते, पन आजच्या तारखेले उघडत नाही, खुशीनं आत्ताच वाचलं. ड्रायव्हर तिकीट देत नाही, हे तुले ठेच खाऊन कळलं. म्हंजे तुह्याजवळ चौदा मिनिटं हायत. मोबाइलवरून निघत असन तर..."

"त्याले कार्ड लागते आई, माह्याजवळ नाही."

"मंग पळ! कोणत्या शहराचं ते नीट सांग. जायचं एक अन् यायचं एक, दोन घे. यायचंही आत्ताच घे, परवा पुन्हा दुकान हुडकत बसू नको!"

सायकलची साखळी कुरकुरली आणि फोन खिशात गेला असावा. नुसता वारा ऐकू येत होता. अनुसयानं फोन टेबलावर आडवा ठेवला, मोठ्या आवाजात, आणि दोन्ही हात टेबलाखाली आवळून बसली. बाहेरच्या सवाऱ्यांनीही टकटक थांबवली होती. का ते त्यांना माहीत नव्हतं, पण बाईचं तोंड बघून त्यांनी थांबायचं ठरवलं असावं.

मग दाराची घंटी वाजली. मोहितची तोडकीमोडकी त्यांची भाषा, शहराचं नाव दोनदा. एका म्हातारीचा आवाज. कागद फाटल्याचा आवाज.

"भेटलं," तो म्हणाला. "आई, दोन्ही भेटले. बाई शटर ओढूनच राह्यली व्हती."

"आता खोलीवर जाय. पासपोर्ट. तारखेचा कागद. पोस्टातून अर्ज टाकल्याची पावती. चार फोटो. सगळं एका थैलीत. अन् गोठ्यावर तुह्यासंग काम करते त्या सरदारजीले सांग, दोन दिवस धार तुमी पाहा. पाया पड त्याच्या."

"शहरात गुरुद्वारा हाय, दोन रात्री राहाले भेटन. सरदारजीनंच सांगतलं व्हतं मांगं."

"पह्यले कामाचं बोल, मंग गुरुद्वारा. अन् ऐक. गाडीत चढला का तिकीट मशीनमंधी टाकून ठप्पा मारा लागते, खाली लिवलं हाय. नाही मारला तर तिकीट असून बिनतिकीट. समजलं?"

"हौ."

"हौ नाही, बोल काय समजलं."

"चढलो का ठप्पा," पोरगा म्हणाला, आणि हसायला लागला. अनुसयाला त्याचा असा राग आला की फोनच आपटावा. इथं जीव टांगणीला लागलेला आणि हा हसतो!

पुढचा पाऊण तास तिनं खिडकी चालवली. तिकिटं फाडली, एका बाईला बसायला जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरला चार शब्द सुनावले, सुट्ट्यावरून एकाशी भांडली. पाच-पन्नासची गोंदियाची गाडी हलली तेव्हा तिनं घड्याळाकडं पाहिलं. ती कधी बघत नसे, आज बघितलं. तिकडची गाडी सुटायला पाच मिनिटं राहिली होती. मग तीन. तेजराम नखं खात होता. खुशी फोनकडं टक लावून बसली होती.

पाच-छप्पनला फोन वाजला.

"आई, बसलो. ठप्पा मारला. गाडी बरोबर एक-पंचवीसले हलली. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही."

"हलणारच," अनुसया म्हणाली. "लिवलं व्हतं ना."

"आई, मी त्या दिवशी तुले..."

"आत्ता नाही. ते आत्ता काढू नको, नाही तर मी गाडीतून उतरवीन तुले. पोचला का फोन कर. मले कर. खुशीले नाही."

फोन ठेवला. तेजराम फडक्यानं तोंड पुसत म्हणाला, "वहिनी, मानलं बा तुमाले. पन एक सांगू? रागावू नका. शुक्रवारी ठसे झाले का कागद येईन, अन् कागद आला का दोन साल तरी पोट्टा काही येत नाही. तुमी आज चूप बसल्या असत्या, तर पंधरा दिवसांत तो दारात उभा असता. तुमाले तर तेच पायजे व्हतं ना?"

खुशीनं काकाचा हात दाबला, पण बोलून झालं होतं.

अनुसयाला हे तेजरामनं सांगायला नको होतं. चार वाजल्यापासून ती ते जाणून होती. दुकान बंद व्हायला चौदा मिनिटं होती तेव्हा, आणि तारा वाचला तेव्हाही, तिला ठाऊक होतं की आपण स्वतःच्या तोंडानं पोराला दूर लावतोय. सगळा राग एकदम वर आला. दिराचा, पोराचा, त्या खांबावरच्या कागदाचा, आणि स्वतःचाही.

"मंग काय, त्याले खोटा टाइम सांगू?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खिडकीतला क्लार्क उठून उभा राहिला. "परक्या सवारीले कधी सांगतला नाही, पोटच्या पोट्ट्याले सांगू? तो तिथं थंडीत उभा राह्यला असता, रस्त्याकडं पाहत! अन् मी इथं बसून मोजत राह्यली असती, आता हुकली, आता हुकली!"

ती रडायला लागली, आणि रडतानाही तिचा राग गेला नव्हता. पदरानं नाक पुसलं, खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्याला "थांबा बाबा, दोन मिनिटं" म्हणाली, आणि दिराकडं वळली.

"मले तो घरी पायजे, भाऊजी. रोज पायजे. पन गाडी हुकलेला नाही पायजे."